दंडघेराच्या पट्टीपासून संदर्भ चिठ्ठीपर्यंत: आशाताई आणि सेविकाताईंसाठी

कामाला लागले तेव्हा पहिल्या वर्षी मी लिहिलेली एक संदर्भ चिठ्ठी मला अजून आठवते. तिच्यावर बाळाचं नाव होतं, गावाचं नाव होतं आणि खाली एकच ओळ होती: "बाळ कुपोषित आहे, पुढील उपचारासाठी पाठवत आहे." आई पहाटे पाड्यावरून निघाली, जीप धरून दवाखान्यात पोचली, केसपेपर काढून बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसली आणि संध्याकाळी टॉनिकची बाटली घेऊन परत आली. बाळाचा दंड मी मोजला होता आणि तो लाल पट्ट्यात आला होता, पण मोजलेला आकडा माझ्या वहीतच राहिला. गर्दीत अर्धा मिनिट मिळालेल्या डॉक्टरांसमोर फक्त "कुपोषित" हा शब्द गेला, आणि त्या भागात तो शब्द रोज पन्नास चिठ्ठ्यांवर असतो.

तेव्हापासून प्रशिक्षणात मी मोजणं आणि लिहिणं वेगळं शिकवत नाही. दंड नीट मोजला आणि चिठ्ठी मोघम लिहिली तर मोजणी फुकट जाते. चिठ्ठी सुरेख असली आणि आकडाच चुकला असेल तर आईची मजुरी फुकट जाते. म्हणून खाली दोन्ही एका ओळीत घेतलं आहे. उदाहरण पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा पट्ट्यातलं आहे, कारण माझं बरंचसं काम तिथलं. मेळघाटात किंवा धडगाव-अक्कलकुव्याकडे काम करणाऱ्या ताईंनाही यातलं बहुतेक ओळखीचं वाटेल.

आधी पट्टी तपासा

पट्टी हातात आली की रंग बघण्याआधी रंग कोणत्या आकड्यावर बदलतात ते बघा. ६ महिने पूर्ण झालेल्या बाळापासून ५ वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच्या मुलापर्यंत आज जे निकष वापरतो ते असे: ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर लाल, ११.५ पासून १२.५ च्या आतपर्यंत पिवळा, १२.५ आणि त्यापुढे हिरवा. लाल म्हणजे अतितीव्र कुपोषित, आपल्या बोलण्यातलं "सॅम". पिवळा म्हणजे मध्यम तीव्र कुपोषित, "मॅम".

हे सांगायचं कारण असं की अंगणवाडीच्या कपाटातून जुन्या पट्ट्याही निघतात. १९७० च्या दशकात आलेल्या शकीर पट्टीवर लाल रंग १२.५ पर्यंत आणि पिवळा १३.५ पर्यंत होता. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी अतितीव्र कुपोषणाची सीमा ११.० वरून ११.५ केली, म्हणून त्याआधीच्या काही पट्ट्यांवर लाल रंग ११.० लाच संपतो. पहिल्या प्रकारची पट्टी वापरली तर मॅम मुलं लाल आणि काही बरी मुलं पिवळी दिसतील. दुसरी वापरली तर ११.० ते ११.५ मधली आजारी मुलं पिवळ्यात जाऊन बसतील, आणि ही चूक जास्त वाईट आहे. आकडे जुळत नसतील तर ती पट्टी बाजूला ठेवा आणि पर्यवेक्षिकेकडून नवी मागून घ्या.

दुसरी तपासणी पट्टी ताणली गेली आहे का याची. पाइपचा एक तुकडा यासाठी कायमचा ठेवा. त्याच्याभोवती दोरा गुंडाळून तो दोरा फूटपट्टीवर मोजा आणि तो आकडा पाइपवरच लिहून ठेवा. पाइप एवढा जाड घ्या की त्याचा घेर पट्टीवरच्या आकड्यांत येईल. महिन्यातून एकदा दंडघेराची पट्टी त्याच पाइपला लावायची. १ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, पट्टीला घडी पडून पांढरी रेघ उमटली किंवा खिडकीजवळ फाटली, तर ती बदलायची. पट्टी घडी घालून पाकिटात ठेवू नका, सैल गुंडाळी करून ठेवा. ओल्या कापडाने पुसली तरी चालते, पण उकळत्या पाण्यात टाकली की ती वाकडी होते.

वय पक्कं करा

या पट्टीवरचे हे रंग ६ महिने पूर्ण झालेल्या बाळालाच लागू पडतात. साडेपाच महिन्यांच्या बाळाचा दंड बारीकच असतो. त्याला पट्टी लावून लाल म्हटलं तर घरातले उगाच घाबरतात, आणि हिरवं म्हटलं तर खरा आजार झाकला जातो. ६ महिन्यांखालच्या बाळाचं वजन वाढतंय का, ते नीट ओढून दूध पितं का, डोळ्यांना हाडं दिसतात का, पायावर सूज आहे का, हे बघायचं. यातलं एक जरी खटकलं तरी पट्टी न लावता पाठवायचं.

वय माता बाल संरक्षण कार्डावरून घ्या. कार्ड हरवलं असेल तर "किती महिन्यांचं?" असं विचारून भागत नाही. आई "वर्षाचं असेल" म्हणते, आणि ते दहा महिन्यांचं असतं नाहीतर पंधरा महिन्यांचं. सणांवरून विचारा. होळीच्या आधी झालं की नंतर? त्या वेळी भात कापणी चालू होती का? वीटभट्टीवर झालं की गावात? अशा तीन प्रश्नांत जन्ममहिना निघतो. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तुमच्या नोंदवहीतही तारीख सापडते.

दंड मोजणं

बाळाला आईच्या मांडीवर बसवा आणि आधी पट्टी त्याच्या हातात द्या. दोन मिनिटं त्याला ती चावू द्या, खेळू द्या. रडणारं बाळ हात आखडून धरतं, दंडाचा स्नायू घट्ट होतो आणि आकडा वाढतो. गावात बैठक असली की आपल्याला घाई असते, पण रडणाऱ्या बाळाची मोजणी पुन्हा करावीच लागते. त्यामुळे ही दोन मिनिटं वाया जात नाहीत.

डाव्या हाताचा सगळा कपडा काढा. बाही वर सरकवून भागवू नका. गुंडाळलेली बाही वरून दंड आवळते आणि मधला भाग फुगवते. काळा दोरा, ताईत किंवा वाळा मध्ये येत असेल तर आईला विचारून तो थोडा वर किंवा खाली करा. तोडू नका आणि काढायलाही लावू नका.

आता मध्यबिंदू. बाळाचा डावा हात कोपरात काटकोनात वाकवा. खांद्यावर बोट फिरवलं की शेवटी हाडाचं टोक लागतं. तिथून दोरा धरून कोपराच्या मागच्या टोकापर्यंत न्या. दोरा दुमडून अर्धा करा आणि जिथे अर्धा येतो तिथे दंडावर पेनाने बारीक टिपका द्या. बऱ्याच जणी अंदाजाने मधोमध पट्टी लावतात. अंदाज बहुधा वरच्या बाजूला जातो, खांद्याच्या स्नायूवर. तिथे दंड जाड असतो आणि पिवळं बाळ हिरवं होतं.

टिपका दिला की हात सोडा. कोपर सरळ, हात शरीराच्या बाजूने सैल लोंबता. वाकवलेल्या हातावर मोजायचं नाही, हात वाकवायचा तो फक्त मध्य काढायला. पट्टी दंडाभोवती फिरवा, तिचं टोक खिडकीतून आत घाला आणि दोन्ही बाजूंनी ओढून टिपक्यावर बसवा.

किती ओढायची, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. पट्टी सगळीकडून कातडीला टेकली पाहिजे, आणि तिच्या कडेला कातडी वळी धरून वर येता कामा नये. पट्टीच्या खालून उजेड दिसला तर ती सैल आहे. कातडीला सुरकुती पडली किंवा पट्टी काढल्यावर तांबडी रेघ राहिली तर घट्ट आहे. एकमेकींच्या मनगटावर सराव करून हे हाताला बसत नाही. मऊ दंडाचं बाळच लागतं, म्हणून प्रशिक्षणात मी दोन-तीन आयांना बाळं घेऊन बोलावते.

खिडकीतल्या बाणासमोरचा आकडा मिलिमीटरपर्यंत वाचा आणि मोठ्याने म्हणा, म्हणजे सोबतची ताई तो लगेच लिहील. मग पट्टी पूर्ण काढून पुन्हा लावा. दोन्ही आकड्यांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा आणि जवळचे दोन आकडे धरा. सीमेवरच्या आकड्यांबाबत गोंधळ नको: ११.४ लाल, ११.५ पिवळा, १२.४ पिवळा, १२.५ हिरवा.

पाय दाबून बघा, आकडा काहीही असो

दंड मोजून झाला की बाळाचे दोन्ही पाय हातात घ्या आणि दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने एकाच वेळी दाबा. मनात "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा आणि अंगठे उचला. दोन्ही पावलांवर खळगा राहिला तर ते बाळ अतितीव्र कुपोषित धरायचं, मग पट्टी हिरवी असली तरी. सुजेमुळे दंडही भरलेला दिसतो, त्यामुळे अशा बाळाच्या हिरव्या आकड्यावर विसंबता येत नाही. सूज फक्त पावलांवर असेल तर एक अधिक चिन्ह (+), पाय आणि हातांवर असेल तर दोन (++), आणि चेहऱ्यासकट अंगभर असेल तर तीन (+++) लिहायची. खळगा एकाच पायावर पडला तर ते जखम किंवा गाठीमुळे असू शकतं. ते वेगळं लिहा.

सुजलेलं बाळ घरच्यांना बरेचदा गुबगुबीत वाटतं. "अंग धरलंय आता," असं आजी कौतुकाने सांगते. तेव्हा तिला चुकीचं ठरवू नका. तिच्याच हाताने पाय दाबायला लावा आणि खळगा दाखवा. स्वतःच्या बोटाखाली पाहिलं की ती स्वतःच बाळाला पाठवायला सांगते.

पट्टी हिरवी आली म्हणजे काम संपलं असं नाही

पट्टीची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. दंडघेर आणि उंचीनुसार वजन ही दोन मापं नेहमी सारखीच मुलं पकडत नाहीत. पट्टी लहान वयाची बाळं जास्त पकडते. तीन-चार वर्षांचं, उंच पण वाळलेलं मूल तिच्यातून सुटू शकतं. म्हणून अंगणवाडीत महिन्याचं वजन आणि उंची घेणं चालूच ठेवायचं. दंड हिरवा असूनही बरगड्या मोजता येत असतील, चड्डी कंबरेवर थांबत नसेल किंवा दोन महिन्यांत वजन वाढलंच नसेल, तर उंचीनुसार वजनाचा तक्ता बघा आणि एएनएम ताईंना दाखवा. पट्टीचा गुण हा की ती घराच्या ओट्यावर, वीटभट्टीच्या झोपडीत किंवा बाजाराच्या दिवशी वडाखालीही चालते. वजनकाटा तिथे दर वेळी नेता येत नाही.

कोणाला आज पाठवायचं, कोणाला उद्या

दंड लाल आला की ठरवायची गोष्ट एकच असते: बाळ आजारीही आहे का? अतितीव्र कुपोषित पण खेळतं, भूक लागून खातं, ताप-खोकला नाही, सूज नाही, असं बाळ एएनएम किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून तपासून ग्राम बाल विकास केंद्रात उपचाराला घेता येतं. तेही दोन दिवसांच्या आत, पुढच्या महिन्याच्या बैठकीची वाट बघून नाही.

खालीलपैकी एक जरी असेल तरी त्याच दिवशी रुग्णालयात पाठवायचं: बाळ दूध ओढू शकत नाही किंवा काहीच पीत नाही, दिलेलं सगळं ओकतं, झटके आले, हाक मारल्यावर नीट डोळे उघडत नाही, अंग तापलेलं किंवा थंडगार आहे, श्वास जोरात चालतोय, छाती आत ओढली जातेय, जुलाब चालू आहेत, किंवा पायावर सूज आहे. श्वास मोजताना बाळ शांत हवं आणि अंगावरचा कपडा वर केलेला हवा. पूर्ण एक मिनिट मोजायचं, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. २ महिन्यांपासून वर्ष पूर्ण होईपर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि वर्षानंतर ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर श्वास जलद आहे.

निघण्याआधी घरीच करायचं काम आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईने पाजावं. ते पीत नसेल पण गिळू शकत असेल तर २०० मिलीलीटर स्वच्छ पाण्यात ४ सपाट चमचे साखर विरघळवा आणि त्यातलं ३० ते ५० मिलीलीटर चमच्याने हळूहळू पाजा. बेशुद्ध बाळाच्या तोंडात काहीही घालू नका. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून वरून चादर गुंडाळा, डोकं झाका. अतितीव्र कुपोषित बाळाच्या रक्तातली साखर आणि अंगाची ऊब दोन्ही पटकन उतरतात, आणि घाटातल्या दोन तासांच्या प्रवासात हे दोन्ही घडू शकतं. गाडीसाठी १०२ किंवा १०८ ला फोन लावा आणि फोन केल्याची वेळ लिहून ठेवा.

एक बाळ, सुरुवातीपासून

जून महिना. भट्टीवरची कुटुंबं पावसाआधी गावात परतलेली. पाड्यावर एका घरी चौदा महिन्यांची मुलगी आहे. तिला इथे सोनी म्हणू. दिवाळीनंतर घरचे भिवंडीकडच्या भट्टीवर गेले होते, त्यामुळे मधल्या सात महिन्यांत तिचं वजन कोणी घेतलेलं नाही. आशाताईंनी आईच्या कडेवरच पट्टी लावली: ११.८, पिवळा. घरी आहार पाकीट देऊन पुढे जावं असा हा आकडा.

ताईंच्या लक्षात आलं की सोनीने आईची मान घट्ट धरली आहे, कोपर वाकलेलं आहे आणि फ्रॉकची बाही पट्टीखाली आली आहे. त्यांनी सोनीला मांडीवर बसवून घेतलं, फ्रॉक काढला, दोऱ्याने मध्य काढला आणि हात सैल सोडून मोजलं. ११.३. पट्टी काढून पुन्हा लावली. ११.३. बाही आणि वाकलेलं कोपर मिळून पाच मिलिमीटरचा फरक पडला होता, आणि तेवढ्याने रंग बदलला.

पावलांवर खळगा नाही. आई म्हणाली, दोन दिवस खोकला आहे, रात्री अंग गरम होतं, वरचं खात नाही पण अंगावर पिते. झोपेत श्वास मोजला: मिनिटाला ४६. वय वर्षापुढचं, म्हणजे ४० ची सीमा ओलांडलेली. छाती आत ओढली जात नव्हती. आता प्रश्न ग्राम बाल विकास केंद्राचा राहिला नाही. अतितीव्र कुपोषण आणि त्यासोबत जलद श्वास, म्हणजे आजच रुग्णालय.

आई तयार नव्हती. घरी चार वर्षांचा मुलगा होता आणि दुसऱ्या दिवशी भाताच्या राबाचं काम होतं. ताईंनी समजावण्यात वेळ घालवला नाही, अडचण एकेक करून सोडवली. मुलाला आजीकडे ठेवायचं ठरलं. पोषण पुनर्वसन केंद्रात आईला जेवण मिळतं आणि बुडीत मजुरीही मिळते, हे सांगितलं, आणि त्यासाठी बँक पासबुक आणि आधार सोबत घ्यायला लावलं. मुक्काम साधारण दोन आठवड्यांचा असतो, हेही आधीच सांगितलं. हे लपवलं तर आई तिसऱ्या दिवशी बाळ घेऊन निघून येते.

चिठ्ठी

चिठ्ठी लिहिताना एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवा: ज्याने बाळाला पाहिलेलं नाही आणि ज्याच्याकडे वेळ कमी आहे. त्याला पहिल्या तीन ओळींत कळलं पाहिजे की हे बाळ भरती करायचं आहे आणि का. सोनीची चिठ्ठी अशी होती:

> संदर्भ चिठ्ठी — तातडीची
> प्रति: वैद्यकीय अधिकारी / बालरोगतज्ज्ञ, पोषण पुनर्वसन केंद्र, उपजिल्हा रुग्णालय
> दिनांक १२ जून २०२५, सकाळी १०.४०
>
> कारण: अतितीव्र कुपोषण आणि जलद श्वास. भरतीसाठी तपासावे ही विनंती.
>
> दंडघेर: डावा, ११.३ सेंमी (अकरा पूर्णांक तीन), दोनदा मोजला, दोन्ही वेळा तेवढाच
> पावलांवर सूज: नाही
> श्वास: मिनिटाला ४६, झोपेत, पूर्ण मिनिट मोजला. छाती आत ओढली जात नाही
> ताप: २ रात्री, आईने सांगितले. आत्ता हाताला गरम लागते
> खाणे: अंगावर पिते. वरचे २ दिवस खात नाही. उलटी, जुलाब, झटके नाहीत
>
> बाळ: सोनी, मुलगी, जन्म ३ एप्रिल २०२४ (कार्डावरून), वय १४ महिने
> वजन: आज ६.४ किलो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ५.९ किलो. मधल्या काळात कुटुंब वीटभट्टीवर, वजन झालेले नाही
> लस: ९ महिन्यांची गोवर-रुबेला राहिली आहे
>
> इथे दिले: १०.३० ला अंगावर पाजले. औषध दिलेले नाही
> सोबत: आई व आशा. गाडी १०२, फोन १०.२५ ला
> पाठवणारी: आशा, पाडा, उपकेंद्र, फोन नंबर
> परतीची माहिती: कृपया खालील भाग भरून आईकडे द्यावा

या चिठ्ठीत "अशक्त", "खूप बारीक", "तब्येत खराब" असे शब्द नाहीत. ते खोटे नसतात, पण वाचणाऱ्याच्या हातात त्यातून काहीच येत नाही. जे मोजलं ते आकड्यात लिहिलं आहे, आणि जे आईने सांगितलं ते "आईने सांगितले" असं लिहून वेगळं ठेवलं आहे. हा फरक डॉक्टरांना लागतो. "नाही" असलेल्या गोष्टीही लिहिल्या आहेत. सूज नाही असं लिहिलं की तुम्ही पाय दाबून बघितले होते हे कळतं. जागा रिकामी सोडली तर तपासलंच नाही असा अर्थ होतो.

"औषध दिलेले नाही" ही ओळ मला महत्त्वाची वाटते. पाड्यावर बाळाला आधी भगताकडे किंवा खासगी दवाखान्यात नेलेलं असू शकतं, सुई दिलेली असू शकते. रागावून विचारलं की आई "काही नाही दिलं" म्हणते. शांतपणे विचारा आणि जे दिलं असेल ते लिहा. रिकामी बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट असेल तर ते सोबत पाठवा.

आकड्यांबद्दल एक सूचना. घाईत लिहिलेला देवनागरी १ आणि ९ सारखेच दिसतात, आणि दशांश टिंब कार्बनच्या प्रतीवर उमटतच नाही. ११.३ चं ११३ झालं तर वाचणारा गोंधळतो. म्हणून आकडा कंसात अक्षरांनीही लिहा आणि एकक प्रत्येक वेळी लिहा. पट्टीवर इंग्रजी आकडे असतात. तसेच लिहिले तरी चालेल, फक्त एका चिठ्ठीत दोन्ही मिसळू नका.

चिठ्ठीच्या दोन प्रती करा. एक आईकडे, प्लास्टिकच्या पिशवीत, माता बाल संरक्षण कार्डासोबत. जूनमध्ये पिशवी नसेल तर रुग्णालयात ओला लगदा पोचतो. दुसरी तुमच्या वहीत. फोटो काढून एएनएम ताईंनाही पाठवा आणि बाळ निघाल्यावर रुग्णालयातल्या परिचारिकेला एक फोन करा: "चौदा महिन्यांची मुलगी, दंड अकरा पूर्णांक तीन, श्वास शेहेचाळीस, दुपारी एकपर्यंत पोचेल." एवढ्या एका वाक्याने खाटेची सोय आधीच बघितली जाते. पोचल्यावर आईने कोणाला भेटायचं ते तिला दोनदा सांगा आणि तिच्याकडून वदवून घ्या. रांगेत बसून राहायचं नाही, चिठ्ठी परिचारिकेच्या हातात द्यायची, हे स्पष्ट सांगा.

बाळ पाठवल्यानंतर

वहीत सोनीच्या नावापुढे तीन रकाने ठेवा: पोचली का, भरती झाली का, परत कधी. पहिला रकाना त्याच संध्याकाळी भरायचा. पोचली नसेल तर कारण लिहा, आणि कारणही नेमकं असू द्या. "गाडी साडेतीनला आली, आईने जायचं नाकारलं" असं लिहिलं तर उद्या काय करायचं ते कळतं. "पालकांचा नकार" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

परतीची चिठ्ठी आली तर ती वहीला टाचा. बरेचदा ती येत नाही. तेव्हा घरी आलेल्या बाळाचं डिस्चार्ज कार्ड मागा आणि त्यातून तीन गोष्टी उतरवा: सुट्टीच्या दिवशीचं वजन, चालू औषधं, आणि पुन्हा दाखवायची तारीख. बाळ दंडघेरावरून भरती झालं असेल तर त्याची प्रगतीही दंडघेरावरच मोजायची, त्याच डाव्या हातावर, त्याच पद्धतीने मध्य काढून. दर पंधरा दिवसांनी मोजा. एकदा १२.५ आला म्हणून थांबू नका, पुढच्या भेटीतही १२.५ किंवा वर आला पाहिजे.

सोनी पंधराव्या दिवशी घरी आली तेव्हा दंड ११.९ होता. ग्राम बाल विकास केंद्रात तिचं नाव घातलं, गोवर-रुबेलाची लस झाली. ऑगस्टच्या मुसळधारेत ओढा चढल्याने एक मोजणी चुकली आणि वहीत तसंच लिहिलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला १२.५, तिसऱ्या आठवड्यात १२.७. दिवाळीनंतर कुटुंब पुन्हा भट्टीवर निघालं तेव्हा ताईंनी कार्डाच्या मागे शेवटचा आकडा आणि तारीख लिहून दिली, आणि भट्टीजवळच्या आशाताईंचा नंबर मिळवून तोही त्याच्याखाली लिहिला.